राजीनामा मसुदा तपासून हवा : डेंटल हायजिनिस्ट, बीडीएससाठी क्लिनिक सोडत आहे

हतनूरकाठ

जळगावात दोन खुर्च्यांचं क्लिनिक आहे. तिथे सव्वादोन वर्षं डेंटल हायजिनिस्ट म्हणून काम करते. पगार १४,०००. नेमणूकपत्रात ३० दिवसांच्या नोटिशीची अट आहे, बाकी दोन-चार ओळी. नीटच्या गुणांवर पहिल्या फेरीची यादी १२ ऑगस्टला लागली आणि नागपूरला बीडीएसची जागा आली. १८ ऑगस्टपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहून प्रवेश घ्यायचा आहे. वर्ग ८ सप्टेंबर, सोमवारपासून. सरांना उद्या, १३ तारखेला पत्र द्यायचंय. मसुदा असा :

"आदरणीय सर, मी आपल्या क्लिनिकमध्ये सव्वादोन वर्षे सेवा केली. मला शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर येथे प्रवेश मिळाल्यामुळे १८ ऑगस्टपासून मी कामावर येऊ शकणार नाही. माझ्याकडे सध्या पुढील पेशंटचे काम अर्धवट आहे (इथे सात नावं आणि फोन नंबर लिहिलेत). स्केलरच्या टिप्स झिजल्या आहेत हे मी पूर्वीही सांगितले होते. पगारवाढ झाली नाही याची खंत नाही. माझी मूळ कागदपत्रे आपल्याकडे आहेत ती त्वरित द्यावीत. काही चुकले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी."

काय काढू, काय घालू?

केळीबाग_रावेर

अभिनंदन ताई. पत्र चांगलं आहे, फक्त दोन गोष्टी घाला. एक, अनुभवाचं प्रमाणपत्र मागा, प्रवेशात अनुभवाचे गुण धरतात. दुसरं, ग्रॅच्युइटी आणि पीएफचा उल्लेख हवाच. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

चोपडा_रोड

एमडीएसला स्टायपेंड मिळतो ना? मग नोटिशीचे पैसे भरायला एवढा विचार कशाला. बाँडचं बघा आधी, पीजीला सोडून जाण्याचा बाँड जड असतो.

अक्षरशः

चोपडा_रोड, त्या एमडीएस करत नाहीयेत. त्या हायजिनिस्ट आहेत, बीडीएसच्या पहिल्या वर्षाला चालल्यात.

मसुद्यावर एक सांगतो. "खंत नाही" असं लिहिलं की वाचणाऱ्याला खंतच दिसते. ते वाक्य आणि टिप्सचं वाक्य, दोन्ही काढा. हा कागद फाईलला राहतो. पाच वर्षांनी कोणी फाईल उघडली तर त्यातून फक्त तारीख, पद आणि कारण कळायला हवं.

दातकोरणी

अक्षरशः म्हणतात ते बरोबर. पण मला यात तारखेची चूक मोठी वाटते. "१८ ऑगस्टपासून येऊ शकणार नाही" असं लिहिलंत तर ३० दिवसांच्या नोटिशीतले चारच दिवस तुम्ही भरताय, आणि तेही कारण नसताना.

प्रवेश घ्यायची तारीख वेगळी आणि वर्ग सुरू व्हायची वेगळी. १८ पर्यंत फक्त हजर राहून, कागद दाखवून, फी भरून जागा पक्की करायची असते. जळगावहून नागपूरला जाऊन-येऊन तीन दिवस धरा. त्यानंतर ८ सप्टेंबरपर्यंत तुम्ही मोकळ्या आहात, म्हणजे कामावर येऊ शकता. त्या तीन दिवसांची रजा मागा. राजीनाम्यात १८ ऑगस्टचा उल्लेखही नको.

कॉलेजचं नावही पत्रात घालू नका. पहिल्या फेरीनंतर तुम्ही जागा कायम ठेवण्याचा फॉर्म भरला नाही तर दुसऱ्या फेरीत वरच्या पसंतीसाठी तुमचा विचार होऊ शकतो. वरची पसंती लागली की नागपूरची जागा जाते आणि नवी तुमच्या नावावर येते. अशा वेळी पत्रात नागपूर आणि प्रत्यक्षात दुसरं शहर, असा घोळ होतो. "बीडीएस अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्याने" एवढं पुरे.

केळीबाग, अनुभवाचे गुण बीडीएसला नसतात हो. तिथे नीटची गुणवत्ता यादी चालते. हायजिनिस्टचा डिप्लोमा आहे म्हणून थेट दुसऱ्या वर्षालाही घेत नाहीत, सुरुवात पहिल्यापासूनच. अनुभवपत्र लागेल, पण दुसऱ्या कामाला. बारावी आणि आत्ताच्या प्रवेशात मधली वर्षं रिकामी दिसतात, त्यासाठी कॉलेजं गॅपचं शपथपत्र मागतात. त्यात तुम्ही लिहिलेल्या तारखा आणि क्लिनिकच्या पत्रातल्या तारखा जुळल्या पाहिजेत.

हतनूरकाठ

दातकोरणी ताई, मनावरचं ओझं उतरलं. चोपडा_रोड दादा, एमडीएस नाही हो, आधी बीडीएस तरी होऊ दे. :)

एक अडचण लिहायची राहिली. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला क्लिनिकच्या कपाटात आहे. नेमणुकीच्या वेळी "तपासणीसाठी" म्हणून घेतले होते, परत मागितलेच नाहीत. आणि कौन्सिलच्या नोंदणीचं प्रमाणपत्र रिसेप्शनमागच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे.

धुळे_खतावणी

कागद आधी, राजीनामा नंतर. गुणपत्रिका आणि दाखला हातात येईपर्यंत बाकी सगळं बाजूला ठेवा. १८ तारखेला मूळ प्रत समोर नसेल तर जागा हातची जाऊ शकते, आणि त्याला सरांनी कागद दिले नाहीत हे कारण चालत नाही.

राजीनाम्यात "त्वरित द्यावीत" लिहू नका. त्यामुळे कागद आणि राजीनामा एकमेकांत अडकतात. नोटिशीचा हिशेब झाला की मग बघू, असं म्हणायला त्यांना जागा मिळते. उद्या सकाळी साधी एक ओळ लिहून न्या : "प्रवेश प्रक्रियेसाठी माझी मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे, कृपया आज द्यावा." कागद मिळाले की खाली "मिळाले" लिहून सही करा. मग दुपारी राजीनामा.

ग्रॅच्युइटीचं उत्तर इथेच देतो, नाहीतर धागा तिकडेच जाईल. दोन खुर्च्यांच्या क्लिनिकमध्ये माणसं दहाच्या खाली असणार आणि ताईंची नोकरी सव्वादोन वर्षांची. ग्रॅच्युइटीला साधारण दहा माणसांची आस्थापना आणि पाच वर्षांची सलग नोकरी लागते. पीएफ वीस माणसांपासून. दोन्ही लागू नाहीत, त्यामुळे पत्रात लिहू नका. नसलेला हक्क मागितला की असलेल्या मागण्यांकडेही संशयाने बघतात.

दुसरी_खुर्ची

मी डॉक्टर आहे, क्लिनिक चालवतो, म्हणून पलीकडची बाजू. कागद ठेवून घेणं चूकच आहे. पण हायजिनिस्ट अचानक गेली तर आम्हाला नोटिशीच्या पैशांनी काहीच मिळत नाही. दोन-पाच हजारांत कोणती बदली माणूस मिळते? जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात डिप्लोमा झालेली हायजिनिस्ट शोधायची म्हणजे महिना-दीड महिना जातो. आम्हाला हवा असतो कामाचा ताबा. तो नीट मिळाला तर बहुतेक डॉक्टर चार-सहा दिवस सोडून देतील.

धुळे_खतावणी

तारखांचा हिशेब मांडतो.

पत्र १३ ऑगस्टला मिळालं तर पहिला दिवस १४ ऑगस्ट. ३१ पर्यंत अठरा दिवस, उरलेले बारा सप्टेंबरात. म्हणजे नोटीस १२ सप्टेंबरला पूर्ण होते. पत्रावरची तारीख धरत नाहीत, ते सरांच्या हातात पडलं ती तारीख धरतात. म्हणून दोन प्रती काढा आणि दुसरीवर "मिळाले, १३/८" अशी सही घ्या. सर ऑपरेशनमध्ये असतील, रिसेप्शनवाल्या मावशींनी घेतलं असेल, तर संध्याकाळी त्याच पत्राचा फोटो सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. तारीख तिथेही राहते.

८ ला नागपुरात हजर राहायचं तर शेवटचा दिवस शनिवार, ६ सप्टेंबर. ७ ते १२ असे सहा दिवस कमी पडतात. १४,००० ला ३० ने भागलं तर दिवसाचे ४६७, सहा दिवसांचे २,८००.

इथे हमखास एक चूक होते. काही क्लिनिकं पगाराला २६ ने भागतात, कारण रविवार बंद. तेही चालेल, पण मग कमी पडलेल्या दिवसांतूनही रविवार वगळायला हवा. ७ तारीख रविवार आहे, म्हणून दिवस पाच, दिवसाचे ५३८, एकूण २,६९२. कोणतीही पद्धत धरा, आकडा जवळपास तोच. पण भागाकार २६ ने आणि दिवस सहा, असं मिसळलं की ३,२३१ होतात. हिशेबाच्या चिठ्ठीवर ३,२३१ दिसले तर समजा की दोन पद्धती मिसळल्यात.

शिल्लक रजा किती?

हतनूरकाठ

रजिस्टरमध्ये आठ दिवस दाखवतात.

धुळे_खतावणी

मग तीन नागपूरला, पाच उरतात. ते नोटिशीत वळते करून घेतले तर सहापैकी एकच दिवस कमी पडतो. पण वळते करणं हा तुमचा हक्क आहे असं धरून चालू नका. नेमणूकपत्रात रजेबद्दल काही नाही, म्हणजे सगळं सरांच्या मर्जीवर. पत्रात "वळती करावी ही विनंती" लिहा, "वळती करण्यात येईल" नाही.

केळीबाग_रावेर

सहा दिवसांचं एवढं काय. पत्र दिलं, निघाले. कोर्टात कोण जातंय दोन हजारांसाठी.

धुळे_खतावणी

कोर्टात कोणीच जात नाही, खरंय. पण कार्यमुक्तीचं पत्र अडतं. शपथपत्राच्या तारखा त्यावरून लिहायच्या आहेत.

दातकोरणी

दुसरी_खुर्ची सरांचा ताब्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ताई, पेशंटची नावं आणि फोन नंबर राजीनाम्यातून काढाच. राजीनाम्याच्या झेरॉक्स हिशेबवाल्याकडे जातात, शपथपत्रासोबत लागतात, त्यात पेशंटची नावं फिरायला नकोत. ताब्याची यादी वेगळ्या कागदावर आणि केसपेपर नंबरने. ती क्लिनिकमध्येच राहते.

तुमच्याकडचे अर्धवट पेशंट म्हणजे खोल सफाईचेच असणार ना?

हतनूरकाठ

हो. सातपैकी पाच. चौथाई-चौथाई करून चार बैठका ठेवतो. दोन साधी सफाई, त्या एकेका बैठकीत संपतील.

दातकोरणी

मग त्या पाचांचं वेळापत्रक तुमच्या शेवटच्या दिवसाशी जुळवून बघा. समजा एकाची पहिली बैठक उद्या-परवा, १४ ला. आठवड्याला एक धरली तर २१, २८ आणि चौथी ४ सप्टेंबर. म्हणजे सफाई तुमच्या हातून पूर्ण होते. पण खरी तपासणी तिथे होत नाही. हिरडी भरून यायला वेळ लागतो, म्हणून पॉकेट परत मोजायचं ते शेवटच्या बैठकीनंतर चार ते सहा आठवड्यांनी. इथे ते २ ते १६ ऑक्टोबरमध्ये येतं आणि तेव्हा तुम्ही नागपुरात. २ ऑक्टोबरला तसंही सगळं बंद, म्हणून त्या आठवड्याच्या पुढे ठेवा. यादीत प्रत्येक केसपेपरसमोर "फेरमोजणी कधी, कोण करणार" हा रकाना हवाच. तो रिकामा राहिला तर पेशंट येतच नाही. दुखत नसतं, म्हणून त्यालाही आठवत नाही. सहा महिन्यांनी दात हलायला लागला की येतो आणि क्लिनिकवर राग धरतो.

१६ ऑगस्टनंतर चार बैठकांची नवी केस सुरू करू नका. दोन बैठका तुमच्या, दोन दुसऱ्याच्या झाल्या की फेरमोजणीचा अर्थच लागत नाही.

आणि कोणत्या प्रोबने मोजलंय ते लिहा. विल्यम्स प्रोबवर ४ आणि ६ ची खूण नसते. १, २, ३ नंतर थेट ५, मग ७. तुम्ही विल्यम्सने मोजून अंदाजाने ४ लिहिलं असेल आणि पुढच्या व्यक्तीने प्रत्येक मिलिमीटरला खूण असलेल्या प्रोबने ५ वाचलं, तर एक मिलिमीटर वाढल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात प्रोब बदललेला असतो. केसपेपरवर एक शब्द लिहिला की हा घोळ टळतो.

दुसरी_खुर्ची

माझ्याकडे असं झालेलं नाही, पण प्रोबचा मुद्दा मला माहीत असूनही लिहून ठेवायचं डोक्यात आलं नव्हतं.

दातकोरणी

टिप्सबद्दल. मसुद्यातलं "पूर्वीही सांगितले होते" हे तक्रारीसारखं वाटतं, पण मजकूर खरा आहे. म्हणून तो ताब्याच्या यादीत घाला, मोजमापासह. नवीन टिपचं कार्ड मशीनसोबत येतं, त्यावर टिप ठेवून बघा. एक मिलिमीटर झिजली की काम साधारण पाव भागाने उतरतं. दोन मिलिमीटर झिजली की अर्ध्यावर येतं आणि ती टिप टाकायची. झिजलेल्या टिपने हात जोर लावतो, पेशंटला झोंबतं, वेळ वाढतो, आणि शेवटी दोष हायजिनिस्टला. "चार टिप्स, त्यातली एक दोन मिलिमीटरच्या पुढे" असं लिहिलं की ती मागणी होते, तक्रार राहत नाही.

तापीकाठच्या बोअरचं पाणी तुमच्याकडे जड असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये काय घालता तेही लिहा. नवीन माणसाने नळाचं घातलं की आत पांढरा थर बसतो आणि हीटर लवकर जातो. डिस्टिल्ड वॉटर कुठून येतं, किती कॅन, हे एका ओळीत.

आठवड्याची स्पोअर टेस्टची पट्टी आणि कचऱ्याचं रजिस्टर कोणाच्या हातात जातंय, ते नावासकट. कचऱ्याच्या रजिस्टरवर ६ सप्टेंबरनंतर तुमची सही दिसायला नको.

चोपडा_रोड

एवढं सगळं राजीनाम्यात? मग ते पत्र नाही, प्रबंध आहे भो.

दातकोरणी

राजीनाम्यात नाही, वेगळ्या कागदावर. वरचे प्रतिसाद वाचा ना. राजीनाम्यात फक्त "कामाच्या ताब्याची यादी स्वतंत्रपणे देत आहे" एवढं वाक्य.

हतनूरकाठ

दुसरा मसुदा :

"दि. १३ ऑगस्ट
प्रति, मा. डॉ. ………… सर
विषय : डेंटल हायजिनिस्ट पदाचा राजीनामा

महोदय,
मी दि. ……… पासून आपल्या क्लिनिकमध्ये डेंटल हायजिनिस्ट या पदावर कार्यरत आहे. बीडीएस अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्याने मी या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार ३० दिवसांची नोटीस १२ सप्टेंबर रोजी पूर्ण होते. तथापि अभ्यासक्रमाचे वर्ग ८ सप्टेंबरपासून सुरू होत असल्याने मला ६ सप्टेंबर रोजी कामकाज संपल्यावर कार्यमुक्त करावे आणि उर्वरित दिवसांत माझी शिल्लक रजा वळती करावी, ही विनंती.
प्रवेशासाठी मला ……… ते ……… अशी तीन दिवसांची रजा मिळावी.
सध्याच्या कामाच्या ताब्याची यादी स्वतंत्रपणे देत आहे. नवीन व्यक्ती रुजू झाल्यास ६ सप्टेंबरपर्यंत तिला काम दाखवण्याची माझी तयारी आहे.
कार्यमुक्तीचे पत्र व अनुभव प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.
आपली विश्वासू,"

अक्षरशः

छान. "महोदय" आणि वर "सर" असं दोनदा नको, "महोदय" पुरे. तीन दिवसांच्या रजेचा परिच्छेद काढा. तो अर्ज वेगळा, नाहीतर राजीनाम्यावर निर्णय होईपर्यंत रजाही लटकते. आणि रजेची तारीख राजीनामा लागू होण्याच्या बरीच आधीची आहे.

दातकोरणी

"अनुभव प्रमाणपत्र" म्हटलंय, पण त्यात काय हवंय तेही सरांना वेगळं सांगा, कारण ते बहुधा रिसेप्शनिस्ट टाइप करतात. पद "डेंटल हायजिनिस्ट" असंच लिहायला सांगा, "असिस्टंट" नको. सफाई, पॉलिशिंग, तोंडाची निगा कशी राखायची हे पेशंटला शिकवणं, ही कामं नावानिशी यावीत. १९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टमध्ये हायजिनिस्टची कामं तीच सांगितली होती. कोणी कौतुकाच्या भरात "पेशंटवर स्वतंत्रपणे उपचार केले" असं टाइप केलं तर ते काढायला सांगा. तो मजकूर उद्या तुमच्याच अंगावर येऊ शकतो.

दुसरी_खुर्ची

आणि क्लिनिकच्याही.

केळीबाग_रावेर

एक विचारतो. हे सगळं सरांना तोंडी सांगितलं का? आमच्याकडे तर थेट कागद दिला की माणूस दुखावतो. आधी चहा घेता घेता बोलून मग कागद.

अक्षरशः

ज्या दिवशी कागद देणार त्याच दिवशी, कागद देण्याआधी पाच मिनिटं. आठवडाभर आधी बोललात तर नोटीस तेव्हापासून धरली जात नाही आणि वातावरण मात्र बिघडतं.

दुसरी_खुर्ची

मी असहमत. मला आठवडाभर आधी कळलं असतं तर मी जाहिरात दिली असती. नीटच्या निकालाच्या दिवशी सांगून टाकायला काय हरकत होती?

धुळे_खतावणी

सर, जागा मिळाली नसती तर? सांगून बसल्यावर दुसरी मुलगी आली की ताईंची नोकरीही जाते. यादी लागल्यावरच सांगणं मला योग्य वाटतं. तुमची अडचणही खरी आहे. ह्यावर एकमत होणार नाही.

हतनूरकाठ

आज सकाळची हकीकत फक्त कामापुरती लिहिते. कागदाची ओळ दिली. सरांनी गुणपत्रिका आणि दाखला लगेच काढून दिला, मी "मिळाले" लिहून सही केली. दुपारी राजीनामा, दुसऱ्या प्रतीवर सही मिळाली. सहा दिवसांचं काय ते "बघू" म्हणाले. ताब्याची यादी मात्र दोनदा वाचली आणि प्रोबच्या रकान्याबद्दल विचारलं.

धुळे_खतावणी

"बघू" चालेल, पण पुढच्या आठवड्यात लेखी करून घ्या. ६ तारखेला विसर्जन आहे, त्या दिवशी क्लिनिकमध्ये हिशेबाला कोणी बसणार नाही. पगार, नोटीस, रजा यांची चिठ्ठी शुक्रवारी, ५ ला पूर्ण करा आणि कार्यमुक्तीच्या पत्रावर "६ सप्टेंबर रोजी कामकाज संपल्यावर" असंच येऊ द्या. ५ टाकली तर शपथपत्रातली तारीखही ५ करावी लागेल.

दातकोरणी

दुसऱ्या फेरीचं काय ठरवलंत? जागा कायम ठेवणार?

हतनूरकाठ

अजून ठरलं नाही. घरच्यांना छत्रपती संभाजीनगर जवळ वाटतं, पण गाड्या बघितल्या तर भुसावळहून नागपूरच सोपं पडतं. फॉर्म भरायला अवधी आहे.

दातकोरणी

दुसऱ्या फेरीत जागा बदलली तर वर्ग सुरू व्हायची तारीखही बदलू शकते. म्हणजे ६ सप्टेंबरला निघायची गरजच उरणार नाही. तसं झालं तर सरांना लेखी कळवून १२ पर्यंत काम करा, पैशांचा प्रश्न आपोआप मिटतो. राजीनाम्याचं पत्र बदलायची गरज नाही, एक ओळीचं पूरक पत्र पुरेल.

हतनूरकाठ

लक्षात ठेवते. फ्रेम आज संध्याकाळी काढली. मागचा पुठ्ठा उघडला तर आत नोंदणी प्रमाणपत्राची कलर झेरॉक्स आहे. मूळ प्रत नाही. सर म्हणतात मूळ तर तुझ्याकडेच असेल, मला मात्र नेमणुकीच्या दिवशी दिल्याचं आठवतंय.

धुळे_खतावणी

कपाटातल्या ज्या फाईलमधून गुणपत्रिका निघाली तीच फाईल परत बघा, चिकटलेली पानं सुटी करून. फ्रेमवाल्याकडेही विचारा. झेरॉक्स काढायला गेलेली मूळ प्रत तिथेच राहते.

दातकोरणी

प्रवेशाला ती लागणार नाही, त्यामुळे १८ तारखेची काळजी करू नका. पण सापडलीच नाही तर कौन्सिलकडे दुय्यम प्रतीचा अर्ज करावा लागेल, आणि त्यासाठी नोंदणी क्रमांक त्या झेरॉक्सवरून उतरवून ठेवा, फ्रेम परत भिंतीवर लावायच्या आत. लावूच नका खरं तर. ६ तारखेनंतर तुमचं नाव त्या भिंतीवर नको.

हतनूरकाठ

क्रमांक उतरवला. फ्रेम माझ्या पिशवीत आहे. फ्रेमवाला उद्या दुकान उघडतो का ते बघते, उद्या बाजाराचा दिवस आहे.